पॉलिसीवर ‘शेवंताबाई’, आधारवर ‘शेवंता’! नॉमिनीच्या नावातला फरक दाव्याआधी असा दुरुस्त करा. वाचा पत्राचा नमुना

विमा काढताना फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो. नाव तोंडी सांगितलं जातं आणि इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याला सुचेल तसं पडतं. पॉलिसीचा कागद घरी येतो, पेटीत जातो आणि हप्ते भरणं सुरू होतं. त्यावर नॉमिनीचं नाव नेमकं कसं छापलंय हे पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी पाहत नाही. ते पाहायची वेळ येते घरातला पॉलिसीधारक गेल्यावर. तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘पॉलिसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही.’

ही चूक दुरुस्त करता येते. पण ती कधी करायची यावर सगळं अवलंबून आहे. पॉलिसीधारक हयात असेल तर त्याच्या सहीचं एक पत्र आणि दोन-तीन झेरॉक्स एवढ्यावर काम भागतं. तो वारल्यावर मात्र त्याची सही मिळणार नसते. मग ‘ती मीच’ हे नॉमिनीला स्वतः कागदांनी सिद्ध करावं लागतं. म्हणून हे पत्र कसं लिहायचं, कुणी द्यायचं आणि दिल्यावर काय तपासायचं, ते सविस्तर पाहू.

दुरुस्ती मागण्याचा हक्क कुणाचा?

नॉमिनी म्हणजे पॉलिसीधारकाच्या मृत्यूनंतर विम्याची रक्कम कुणाच्या हाती द्यायची, म्हणून त्यानं आधीच नेमून ठेवलेली व्यक्ती. विमा कायदा 1938 च्या कलम 39 मध्ये याचे नियम आहेत. पॉलिसीच्या कागदावर ‘कलम 39 खालील नॉमिनी’ असा उल्लेख दिसतो, तो याच कलमाचा.

या कलमाप्रमाणे नॉमिनी नेमणं, बदलणं किंवा रद्द करणं हा पॉलिसीधारकाचा अधिकार आहे. पॉलिसीची मुदत पूर्ण होण्याआधी तो हे केव्हाही करू शकतो. मात्र बदल कंपनीला लेखी कळवून त्यांच्या दप्तरी नोंदवावा लागतो. घरच्या कागदावर पेनानं नाव खोडून नीट लिहिलं तर त्याला काही किंमत नाही. उलट कागदावर खाडाखोड दिसली की शंका वाढते.

म्हणजे बायकोचं नाव चुकलं असलं तरी पत्र बायकोनं द्यायचं नाही. पॉलिसी ज्याच्या नावानं आहे त्यानंच ते सही करून द्यायचं. बऱ्याच घरांत इथंच गफलत होते. नॉमिनी स्वतःच्या सहीचा अर्ज घेऊन शाखेत जाते आणि ‘पॉलिसीधारकाला घेऊन या’ असं ऐकून परत येते.

आधी सगळे कागद एका ओळीत मांडा

पत्र लिहायच्या आधी घरात बसून अर्ध्या तासाचं काम करायचं. नॉमिनीचे चार कागद काढायचे: पॉलिसीचा मूळ कागद, म्हणजे बाँड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि असेल तर पॅन कार्ड किंवा मतदान कार्ड. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव इंग्रजीत, एकाखाली एक, अक्षर न् अक्षर उतरवून काढायचं.

मराठीत वाचून फरक कळत नाही, कारण कंपनीच्या संगणकात नाव इंग्रजीत असतं. ‘वाघ’ हे मराठीत एकच, पण इंग्रजीत ते व्हीनं लिहिलं की डब्ल्यूनं, इथं गाडी अडते. ‘सुनीता’मध्ये एका कागदावर आय असतो तर दुसऱ्यावर दोन ई. काही ठिकाणी नावापुढं ‘बाई’ किंवा ‘राव’ चिकटवलेलं असतं, काही ठिकाणी नसतं. कुठं नवऱ्याचं नाव पूर्ण असतं, कुठं नुसतं एक अक्षर. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी.

पासबुक यात मुद्दाम घ्यायचं. दाव्याची रक्कम आता थेट नॉमिनीच्या बँक खात्यात पाठवली जाते. पॉलिसीवरचं नाव आधारप्रमाणे करून घेतलं आणि पासबुकावर तिसरंच स्पेलिंग निघालं, तर दावा मंजूर होऊनही पैसे खात्यात जमा होताना अडचण येऊ शकते.

जुनी पॉलिसी असेल आणि बाँडवरचं नाव पुसट झालं असेल, तर शाखेत जाऊन पॉलिसीचा स्टेटस रिपोर्ट मागायचा आणि कंपनीच्या दप्तरात नॉमिनीचं नाव आज काय आहे ते विचारायचं. कधी कधी बाँडवर एक आणि संगणकात दुसरंच असं असतं. पत्रात मग दोन्हीचा उल्लेख करावा लागतो.

कुठला कागद बरोबर धरायचा?

नावं एकाखाली एक मांडली की बहुतेक वेळा चित्र स्पष्ट होतं. आधार, पासबुक आणि पॅनवर एकच नाव आहे आणि पॉलिसीवर वेगळं, तर पॉलिसी बदलायची. हा सगळ्यात सोपा प्रकार.

पण उलटंही असतं. पॉलिसी, पासबुक, शाळेचा दाखला सगळीकडं नाव नीट आहे आणि आधार काढतानाच ऑपरेटरनं अक्षर चुकवलंय. अशा वेळी पॉलिसी चुकीच्या नावावर ओढून नेऊ नये. आधी आधार केंद्रावर जाऊन आधार दुरुस्त करून घ्यावं. आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, त्यामुळं तिथं स्पेलिंग देताना पासबुक हातात धरूनच सांगावं. नवीन आधार हाती आल्यावर पॉलिसीवरच्या नावाशी ते जुळलं, तर विमा कंपनीला पत्र लिहायची गरजच उरत नाही.

स्पेलिंगची चूक वेगळी, माणूस बदलणं वेगळं

पत्र लिहिताना आपलं प्रकरण यापैकी कुठलं हे ओळखणं महत्त्वाचं, कारण कंपनी त्याप्रमाणे कागद मागते.

पहिला प्रकार निव्वळ स्पेलिंगचा. माणूस तोच, अक्षरं वेगळी. यासाठी दुरुस्तीचं पत्र आणि ओळखपत्र जोडायचं.

दुसरा प्रकार लग्नानंतर नाव बदलल्याचा. वडिलांनी पॉलिसी काढली तेव्हा मुलगी नॉमिनी होती, माहेरच्या नावानं. आता तिच्या आधारवर सासरचं नाव आहे. माणूस तोच, पण नाव खरोखर बदललंय. इथं आधारच्या जोडीला विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाची राजपत्रातली प्रसिद्धी जोडावी लागते. दोन नावांना जोडणारा कागद तोच असतो.

तिसरा प्रकार वेगळाच. लग्नाआधी पॉलिसी काढली होती आणि नॉमिनी आई होती. आता आई हयात नाही आणि बायकोचं नाव लावायचंय. ही नावाची दुरुस्ती नव्हे, हे नवीन नामांकन. त्यासाठी कंपनीचा नॉमिनी बदलाचा फॉर्म भरायचा असतो. ‘आईच्या जागी बायकोचं नाव दुरुस्त करावं’ असं पत्र दिलं तर ते परत येईल.

एक उदाहरण घेऊन पाहू

खालची नावं फक्त समजावण्यासाठी घेतली आहेत. समजा, रामदास वाघ यांनी 2014 साली एलआयसीची पॉलिसी काढली. नॉमिनी म्हणून पत्नी शेवंता यांचं नाव दिलं. एजंटनं घरातल्या बोलण्यात ‘शेवंताबाई’ ऐकलं, तसंच लिहिलं. वय विचारल्यावर अंदाजानं 32 सांगितलं गेलं. आता कागद काढून मांडले तर असं दिसतं:

पॉलिसीवर: SHEWANTABAI RAMDAS WAGH, वय 32
आधारवर: SHEVANTA RAMDAS WAGH, जन्मतारीख 01/01/1980
पासबुकावर: SHEVANTA RAMDAS WAGH

नावात इथं दोन फरक आहेत. एक, व्हीच्या जागी डब्ल्यू पडलाय. दुसरा, नावाला ‘बाई’ जोडलंय. नुसतं ‘स्पेलिंग चुकलंय, दुरुस्त करा’ असं लिहिलं तर क्लार्क डब्ल्यूचा व्ही करेल आणि ‘बाई’ तसंच राहील. म्हणून पत्रात चुकलेलं पूर्ण नाव आणि बरोबर पूर्ण नाव, दोन्ही समोरासमोर लिहायचं.

तिसरा फरक वयाचा. आधारप्रमाणे 2014 मध्ये शेवंता 34 वर्षांच्या होत होत्या, पॉलिसीवर 32 आहे. गावाकडं जन्माची नोंद नसलेल्या अनेकांच्या आधारवर 1 जानेवारी हीच तारीख पडलेली असते, त्यामुळं असा एक-दोन वर्षांचा फरक सर्रास निघतो. नाव जुळतं, नातं जुळतं, तेव्हा एवढ्यावरून दावा सहसा अडत नाही. पण नावही वेगळं आणि वयही वेगळं असं दोन्ही एकत्र आलं, की ही बाई दुसरीच तर नाही ना, ही शंका येते. म्हणून नावाबरोबर जन्मतारीखही त्याच पत्रात नोंदवून घ्यावी. एका फेरीत दोन्ही कामं होतात.

पत्राचा नमुना

पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. फक्त नॉमिनीचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ओळखपत्रावर आहे तसंच लिहावं. कंसातल्या जागी आपली माहिती भरावी.

दिनांक: (तारीख)

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(विमा कंपनीचं नाव), शाखा (शाखेचं नाव)

अर्जदार: रामदास (वडिलांचं नाव) वाघ
रा. (गाव), ता. (तालुका), जि. (जिल्हा)
मोबाइल: (क्रमांक)

विषय: पॉलिसी क्र. (पूर्ण क्रमांक) मधील नॉमिनीच्या नावात व जन्मतारखेत दुरुस्ती करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील पॉलिसी माझ्या नावाने असून ती दि. (सुरू झाल्याची तारीख) पासून चालू आहे. या पॉलिसीत माझी पत्नी नॉमिनी आहे. प्रस्ताव अर्ज भरताना तिचे नाव चुकीचे लिहिले गेले आहे. तपशील असा:

पॉलिसीवर असलेले नाव: SHEWANTABAI RAMDAS WAGH
आधार कार्डाप्रमाणे बरोबर नाव: SHEVANTA RAMDAS WAGH
पॉलिसीवर नोंदवलेले वय: 32 वर्षे
आधार कार्डाप्रमाणे जन्मतारीख: 01/01/1980
माझ्याशी नाते: पत्नी

वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझ्या पत्नीची आहेत. मी नॉमिनी बदलत नसून फक्त तिच्या नावाची व जन्मतारखेची नोंद दुरुस्त करून मागत आहे. नामांकनातील इतर तपशील पूर्वीप्रमाणेच ठेवावेत.

तरी आपल्या दप्तरी ही दुरुस्ती करून पॉलिसीवर तशी नोंद करावी व दुरुस्ती झाल्याचे मला लेखी कळवावे, ही विनंती.

सोबत:
1. मूळ पॉलिसी बाँड (नोंद करून परत मिळावा)
2. माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स
3. नॉमिनीच्या आधार कार्डाची झेरॉक्स
4. नॉमिनीच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स

आपला विश्वासू,
(पॉलिसीधारकाची सही)
रामदास (वडिलांचं नाव) वाघ

या पत्रातल्या कुठल्या ओळी गाळू नयेत

‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ ही ओळ सगळ्यात मोलाची. पॉलिसीधारकानं स्वतः, हयात असताना, सहीनिशी दिलेला हा कबुलीजबाब आहे. पुढं समजा कंपनीनं दुरुस्ती करायला वेळ लावला आणि मधेच काही विपरीत घडलं, तरी पोच असलेली या पत्राची प्रत नॉमिनीच्या हाती मोठा पुरावा राहते.

‘मी नॉमिनी बदलत नाही’ आणि ‘इतर तपशील पूर्वीप्रमाणेच ठेवावेत’ या ओळींनाही अर्थ आहे. एका पॉलिसीत दोन नॉमिनी असू शकतात, उदाहरणार्थ पत्नीला अर्धा आणि आईला अर्धा वाटा. पत्र फक्त पत्नीच्या नावाबद्दल असलं तरी आईचं नाव निघून जाऊ नये, यासाठी ही ओळ.

काही शाखांत स्पेलिंगच्या दुरुस्तीसाठीसुद्धा नॉमिनी बदलाचा छापील फॉर्म भरायला सांगतात. तो भरायला हरकत नाही. पण लक्षात ठेवायचं की नवीन फॉर्ममधलं नामांकन जुन्याची जागा घेतं. म्हणून दोन नॉमिनी असतील तर फॉर्मवर दोघांचीही नावं आणि दोघांचा टक्का पुन्हा लिहायचा. फक्त दुरुस्त केलेलं एकच नाव लिहिलं तर दुसरा नॉमिनी कागदावरून गायब होतो आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. नॉमिनी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याच्या वतीनं रक्कम घेणाऱ्या माणसाचं नावही पुन्हा लिहायचं. कंपनीच्या फॉर्मवर त्याला ‘अपॉइंटी’ म्हणतात.

सहीचंही भान ठेवावं. पॉलिसी काढताना जशी सही केली होती तशीच करावी. दहा-बारा वर्षांत सही बदललेली असते किंवा आधी मराठीत असलेली सही आता इंग्रजीत होते. मग कंपनी ‘सही जुळत नाही’ म्हणून पत्र परत पाठवते. सही खरंच बदलली असेल तर पॉलिसीधारकानं ओळखपत्र घेऊन स्वतः शाखेत जावं आणि समोर सही करावी. अंगठा लावणाऱ्यांनी सोबत लिहिता-वाचता येणारा साक्षीदार न्यावा. त्याचं नाव, पत्ता आणि सही पत्रावर घ्यावी. तो साक्षीदार नॉमिनी स्वतः नसावा.

पत्र कुठं आणि कसं द्यायचं?

पॉलिसी सध्या ज्या शाखेच्या दप्तरी आहे, तिथं पत्र द्यायचं. एलआयसीत तिला सर्व्हिसिंग शाखा म्हणतात. पॉलिसी काढली लातूरला आणि नंतर बदलून आणली उदगीरला, असं असेल तर उदगीरच्या शाखेत. हप्त्याच्या पावतीवर किंवा स्टेटस रिपोर्टवर शाखा कळते.

पत्राच्या दोन प्रती काढायच्या. एक शाखेत द्यायची, दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. शिक्का मिळेपर्यंत काउंटर सोडायचा नाही. मूळ बाँड द्यावा लागला तर आपल्या प्रतीवर ‘मूळ बाँड मिळाला’ असं लिहून घ्यावं आणि देण्याआधी बाँडच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढून ठेवावी. एजंटमार्फत पत्र पाठवलं तर तो चार दिवसांनी शिक्क्याची प्रत आणून देतो का, हे बघावं. ‘दिलंय मी साहेबांकडं’ ही पोच नव्हे.

शाखा लांब असेल तर स्पीड पोस्टनं पाठवता येतं. पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. मूळ बाँड मात्र टपालानं न पाठवता आधी फोन करून तो लागतोय का, हे विचारून घ्यावं.

आधारच्या झेरॉक्सवर नॉमिनीनं सही करावी आणि आडवं लिहावं: ‘फक्त पॉलिसी क्र. (क्रमांक) मधील नाव दुरुस्तीसाठी’. म्हणजे ती झेरॉक्स दुसरीकडं वापरली जाण्याची भीती कमी होते. नोंदणीसाठी कंपनी थोडं शुल्क घेऊ शकते. घेतलं तर त्याची छापील पावती मिळालीच पाहिजे.

उत्तर आलं की काम संपलं असं नाही

कलम 39 प्रमाणे नामांकन किंवा त्यातला बदल नोंदवल्याची लेखी पोच कंपनीनं पॉलिसीधारकाला द्यायची असते. ही पोच कधी बाँडच्या मागं शिक्का मारून येते, कधी वेगळ्या पत्रानं. त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. नवीन बाँड सहसा छापून देत नाहीत, त्यामुळं हे पत्र बाँडलाच टाचून ठेवावं.

पोच हातात आली की आधार शेजारी ठेवून नाव पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावं. टाइप करणारा माणूसच असतो. डब्ल्यूचा व्ही करताना तो आडनावातल्या डब्ल्यूचाही व्ही करून ठेवू शकतो. मग WAGH चं VAGH होतं आणि एक चूक काढताना दुसरी शिरते. तसं दिसलं तर लगेच, त्याच पोचचा संदर्भ देऊन पुन्हा लिहावं. महिन्याभरानं शाखेतून नवीन स्टेटस रिपोर्ट काढून संगणकातही नाव बदललंय का, ते बघून घ्यावं.

घरात एकाच माणसाच्या दोन-तीन पॉलिसी असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळं पत्र द्यावं. एकीवर दुरुस्ती झाली म्हणून दुसरीवर आपोआप होत नाही.

बँकेतून कापल्या जाणाऱ्या 436 रुपयांच्या विम्याचं काय?

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपये खात्यातून कापले जातात आणि 2 लाखांचं संरक्षण मिळतं. यात घरी बाँड येत नाही. नॉमिनीचं नाव असतं ते बँकेत भरून दिलेल्या संमती अर्जावर. म्हणून दुरुस्तीचं पत्र विमा कंपनीऐवजी आपल्या बँकेच्या किंवा पोस्टाच्या शाखेला द्यायचं. मजकूर वरचाच, फक्त पॉलिसी क्रमांकाच्या जागी खाते क्रमांक आणि योजनेचं नाव.

इथं एक गैरसमज फार आहे. पासबुकावर नॉमिनीचं नाव बरोबर आहे म्हणजे योजनेतही बरोबर असणार, असं लोक धरून चालतात. बचत खात्याचा नॉमिनी आणि विमा योजनेचा नॉमिनी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. विम्याचं नूतनीकरण दरवर्षी आपोआप होत असल्यानं पहिल्या वर्षी पडलेली चूकही तशीच पुढं जात राहते.

पॉलिसीधारक वारला असेल आणि दावा अजून द्यायचा असेल तर?

आता नॉमिनीचं नाव दप्तरात बदलून घेता येत नाही, कारण ते बदलायचा अधिकार असलेला माणूस हयात नाही. पण म्हणून दावा बुडाला असंही नाही. नॉमिनीनं स्वतःच्या सहीचं पत्र दाव्याच्या फॉर्मसोबत पहिल्याच दिवशी जोडावं. कंपनीनं शंका काढायची वाट पाहू नये. त्यात लिहायचं ते असं: ‘पॉलिसीत नॉमिनी म्हणून नोंदलेल्या शेवंताबाई आणि आधार कार्डावरील शेवंता, या दोन्ही मीच असून मी मयत पॉलिसीधारकाची पत्नी आहे.’

या पत्राला जोर येतो तो सोबतच्या कागदांनी. रेशन कार्ड, विवाह नोंदणी दाखला, मतदान कार्ड किंवा जुनं पासबुक यांपैकी एखाद्यावर ‘शेवंताबाई’ हे नाव त्याच पत्त्यावर, त्याच नवऱ्याच्या नावासोबत असेल तर ते जोडावं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही कंपनी मागू शकते. ते मुद्रांकावर टाइप करून नोटरीसमोर किंवा तहसील कार्यालयातील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर करता येतं. पण आधी शाखेला मजकूर कसा हवा ते विचारावं, मगच खर्च करावा. एवढं करूनही ओळख पटली नाही, तर प्रकरण दिवाणी कोर्टाच्या वारस दाखल्यापर्यंत जाऊ शकतं. त्यात महिने जातात.

एक गोष्ट अजिबात करू नये. मयताच्या नावानं मागची तारीख टाकून दुरुस्तीचं पत्र तयार करून देणारे सल्लागार भेटतात. कंपनीकडं मूळ सही असते आणि इनवर्डची नोंदवही असते. असं पत्र उघडकीला आलं, तर स्पेलिंगपुरतं असलेलं प्रकरण फसवणुकीच्या चौकशीत जातं. खरा दावा खोट्या कागदामुळं अडतो.

उत्तरच आलं नाही तर?

शाखेनं पत्र घेऊन उत्तर दिलं नाही, तर पोच असलेली प्रत जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करावी. तिथंही दाद लागली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दाव्याची रक्कमच अडली असेल तर विमा लोकपालांकडं जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र त्याआधी कंपनीकडं लेखी तक्रार केलेली असावी. कंपनीनं ती फेटाळलेली असावी, किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं, किंवा मिळालेलं उत्तर समाधानकारक नसावं.

या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच येतो, पत्र कधी दिलं होतं आणि त्याची पोच कुठं आहे. म्हणून इनवर्डचा शिक्का असलेली प्रत, कंपनीचं एन्डॉर्समेंट आणि मूळ बाँड हे तिन्ही एकाच पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी घरात कुठं आहे हे नॉमिनीला दाखवून ठेवावं.